छोट्या दवाखान्याचं औषध रजिस्टर: ऑर्डर कधी टाकायची, मुदत कशी सांभाळायची

एक डॉक्टर, एक सिस्टर, एक कंपाउंडर आणि सलाइन लावायला दोन कॉट, असा तालुक्याच्या गावातला दवाखाना डोळ्यांसमोर ठेवून हा लेख लिहिला आहे. अशा दवाखान्यात साधारण शंभर-सव्वाशे वस्तू असतात. त्या वेगवेगळ्या दोन कारणांनी त्रास देतात. पॅरासिटामॉल, ऑनडॅनसेट्रॉन, पाच मिलीच्या सिरिंजा या ऐन गर्दीत संपतात. अॅड्रेनलिन, अॅट्रोपिन, टाके घालायचा धागा, ठरावीक नंबरचा कॅथेटर या वस्तू वापराविनाच मुदत ओलांडतात. बहुतेक ठिकाणी दोन्हींना एकच नियम लावला जातो, 'कमी दिसलं की मागव'. त्यामुळे पहिल्या गटात तुटवडा पडतो आणि दुसऱ्या गटात कचरा साठतो. म्हणून रजिस्टर आखण्याआधी वस्तूंची यादी काढा आणि प्रत्येक नावापुढे 'खपाची' किंवा 'तयारीची' असं लिहून टाका. महिन्याला पाचपेक्षा कमी लागणारी आणि नसली तर रुग्ण अडचणीत येईल अशी वस्तू तयारीची समजायची.

कपाट आणि टेबल वेगळं धरा

दिलेली प्रत्येक गोळी लिहायची असं ठरवलं की रजिस्टर आठवड्याभरात बंद पडतं. ओपीडीत साठ पेशंट असताना सिस्टर पेन हातात घेणार नाहीत, आणि त्यांनी घ्यावं अशी अपेक्षाही नको. त्यापेक्षा दवाखान्याचे दोन भाग करा. कुलपाचं कपाट हा साठा आणि टेबल, ड्रेसिंग ट्रॉली, इंजेक्शनचा ट्रे ही वापराची जागा. रजिस्टरमध्ये नोंद फक्त कपाटाची. रोज सकाळी ओपीडी सुरू होण्याआधी कपाटातून टेबलावर जे काढलं ते पूर्ण स्ट्रिप किंवा पूर्ण बॉक्समध्ये काढायचं आणि तेवढंच जावक म्हणून लिहायचं. रोजची आठ-दहा नोंदींची गोष्ट आहे, दहा मिनिटांत होते. टेबलावर दोन दिवसांपेक्षा जास्तीचा माल ठेवायचा नाही, नाहीतर तिथेच दुसरं कपाट तयार होतं.

याला अपवाद ट्रॅमाडॉल, मिडॅझोलाम, डायझेपाम अशा इंजेक्शनांचा. ती वेगळ्या कुलपात आणि वेगळ्या पानावर ठेवायची आणि प्रत्येक अँप्युल रुग्णाच्या नावासह, सहीनिशी लिहायचं.

पानाची आखणी

मोठी हार्डबाउंड वही घ्या, सुटे कागद नकोत. एका वस्तूला एक पान, पुढे अनुक्रमणिका. पानाच्या वर नाव, ताकद, एकक, किमान पातळी, कमाल पातळी आणि पुरवठादार लिहायचा. खाली रकाने: तारीख, तपशील, बॅच नंबर, मुदत, आवक, जावक, शिल्लक, सही.

या सगळ्यात एककाकडे सर्वांत जास्त लक्ष द्या. काही गोळ्यांची स्ट्रिप दहाची असते, काहींची पंधराची, आणि कंपनी बदलली की त्याच औषधाचा आकडाही बदलू शकतो. एका पानावर कधी स्ट्रिप, कधी गोळ्या लिहिल्या तर शिल्लक कायम चुकीची येणार. गोळ्या गोळ्यांतच मोजा. तीस स्ट्रिप आल्या तर '30 × 15 = 450' असं तपशिलात मांडून आवकमध्ये 450 लिहा. इंजेक्शनं अँप्युलमध्ये आणि सिरिंजा नगात मोजा. कापसाचा रोल किंवा स्पिरिटची बाटली मात्र पूर्ण नग म्हणूनच धरा, ग्रॅम-मिलीत जाऊ नका.

माल आला की काय बघायचं

स्टॉकिस्टच्या बिलावर नाव, बॅच, मुदत, नग, फ्री नग आणि दर असतात. ते बघून रजिस्टर भरायचा मोह होतो, पण नोंद करायची ती खोक्यावरून आणि स्ट्रिपवरून. एकाच बिलातल्या वीस खोक्यांत दोन बॅच निघू शकतात आणि बिलावर एकीचाच नंबर छापलेला असतो. बिल आणि माल जुळला नाही तर पोऱ्या दारात उभा असतानाच बिलावर फरक लिहून घ्या. नंतरच्या फोनवर 'बघतो' एवढंच उत्तर मिळतं. फ्रिजमधला माल आधी तपासा. टीडी, इन्सुलिन यांना 2 ते 8 अंश सेल्सिअस लागतं. बर्फाच्या गोळ्याला चिकटून आलेली टीडीची व्हायल गोठलेली असू शकते आणि गोठलेली लस निकामी होते, तेव्हा ती परतच करायची.

बॅच नंबर लिहिण्याचा कंटाळा येतो, पण तो कायद्याचा भाग आहे. स्वतःच्या रुग्णांना औषध देणाऱ्या नोंदणीकृत डॉक्टरला औषध नियमांच्या शेड्यूल के मध्ये विक्री परवान्यातून सूट आहे, आणि त्या सुटीला अटी आहेत. औषधं परवानाधारक विक्रेत्याकडून किंवा उत्पादकाकडूनच घ्यायची आणि खरेदीची नोंद ठेवायची, त्यात औषधाचं नाव, प्रमाण, बॅच नंबर आणि उत्पादकाचं नाव-पत्ता हवा. औषध निरीक्षक ही नोंद बघू शकतात. याचा रोजच्या कामातही उपयोग आहे. केंद्रीय औषध नियंत्रण संस्था प्रमाणित दर्जाची न ठरलेल्या औषधांची यादी दर महिन्याला बॅच नंबरसह जाहीर करते. रजिस्टरमध्ये बॅच असेल तर त्यातली एखादी आपल्या कपाटात आहे का, हे पाच मिनिटांत कळतं. बिलं तारखेच्या क्रमाने फाइलला लावा आणि बिल नंबर रजिस्टरच्या तपशिलात टाका.

खपाच्या वस्तूंची ऑर्डर पातळी

इथे एक हिशेब पूर्ण करून दाखवतो. ऑनडॅनसेट्रॉनचं दोन मिलीचं इंजेक्शन घेऊ. रजिस्टरमधली जावक बघितली तर मार्चमध्ये 62, एप्रिलमध्ये 58 आणि मेमध्ये 70, म्हणजे तेरा आठवड्यांत 190, आठवड्याला साधारण 15.

आता पुरवठ्याचा वेळ काढायचा. समजा स्टॉकिस्टचा माणूस दर मंगळवारी ऑर्डर घेतो आणि गुरुवारी माल येतो. कागदावर हे दोन दिवस दिसतात, पण हिशेब वाईटात वाईट दिवसाचा करायचा. बुधवारी साठा पातळीखाली गेला तर पुढच्या मंगळवारपर्यंत सहा दिवस आणि त्यानंतर मालाला दोन, असे आठ. त्यात एखादी सुट्टी धरून दहा दिवस घेऊ. दहा दिवसांचा खप 21 ते 22. त्यावर एका आठवड्याची राखीव, 15. बेरीज 37, ती सोयीसाठी 40 केली. ही किमान पातळी. कपाटात 40 उरले की ऑर्डर.

कमाल पातळी म्हणजे किमान अधिक एका महिन्याचा खप, 40 + 60 = 100. ऑर्डर किती द्यायची तर कमाल वजा हातातला साठा वजा आधीच मागवलेला आणि अजून न आलेला माल. मंगळवारी कपाटात 38 आहेत आणि काही बाकी नाही, तर 62, बॉक्स दहाचा असेल तर 60. 'मागवलेला पण न आलेला' हा आकडा विसरला की तीच ऑर्डर दोनदा जाते. म्हणून ऑर्डर दिल्या दिवशी पानावर पेन्सिलीने 'मागवले 60, तारीख अमुक' लिहा आणि माल आला की खोडा.

हे आकडे बारा महिने तसेच राहत नाहीत. जूनमध्ये पाण्याचे आजार सुरू झाले की ऑनडॅनसेट्रॉन, ओआरएस, रिंगर लॅक्टेट यांचा खप दुप्पट होऊ शकतो, आणि नेमका त्याच वेळी ओढ्या-नाल्यांना पाणी आलं की गाडी अडते. जूनचा खप बघून जुलैत पातळी वाढवण्यात अर्थ नाही. गेल्या वर्षीच्या जून-जुलैची पानं उघडा आणि मेच्या मध्यालाच या पाच-सहा वस्तूंची किमान पातळी वाढवा. वरच्या उदाहरणात 40 ची 80. सप्टेंबरच्या शेवटी ती पुन्हा खाली आणायला विसरू नका, कारण ऑक्टोबरमध्ये उरलेला जादा साठाच पुढे मुदतीच्या यादीत जाऊन बसतो.

नवीन वही सुरू करत असाल तर खपाचा इतिहास नसेल. तेव्हा गेल्या तीन महिन्यांची बिलं काढा. सुरुवातीचा साठा माहीत नसला तरी तीन महिन्यांची खरेदी ही खपाच्या जवळपास असते. त्यावर पहिली पातळी ठेवा आणि तीन महिन्यांनी खऱ्या जावकीवरून दुरुस्त करा.

तयारीच्या वस्तूंना हा हिशेब चालत नाही

अॅड्रेनलिनचा वर्षाचा खप एखाद्या दवाखान्यात शून्य असतो. वरच्या सूत्रात घातलं तर किमान पातळीही जवळपास शून्य येईल. इथे प्रश्न बदलतो: एक गंभीर रुग्ण आला तर पुढची मदत मिळेपर्यंत किती लागेल? तीव्र अॅलर्जीत मोठ्या माणसाला अर्धा मिलिग्रॅम अॅड्रेनलिन मांडीच्या स्नायूत देतात आणि सुधारणा नसेल तर पाच मिनिटांनी पुन्हा देतात. रुग्णवाहिका यायला पाऊण तास लागत असेल तर एक मिलीचे एक-दोन अँप्युल ठेवून भागणार नाही. पाच-सहा हवेतच. नेमका आकडा डॉक्टरांनी ठरवायचा आणि पानाच्या डोक्यावर लिहून सही करायची. एक वापरलं तरी त्याच दिवशी ऑर्डर.

या वस्तू एका वेगळ्या ट्रेमध्ये ठेवा. झाकणावर कागदी टेप लावून त्यावर लिहा: 'सर्वांत आधी मुदत संपणारं: हायड्रोकॉर्टिसोन, 03/2027'. टेप फुटलेला नसेल तर महिन्याला फक्त ती ओळ वाचायची, ट्रे उपसायचा नाही. फुटलेला असेल तर पूर्ण ट्रे मोजायचा. ट्रेमधल्या काही वस्तू रोजच्या वापरातही असतात, हायड्रोकॉर्टिसोन त्यातलंच. अशा वस्तूची मुदत चार महिन्यांवर आली की ती ट्रेमधून टेबलावर आणा आणि नव्या बॅचची ट्रेमध्ये ठेवा, म्हणजे एकही वाया जात नाही. अॅड्रेनलिनला असा दुसरा वापर नाही. ते फेकण्याची तयारी ठेवूनच घ्यायचं असतं, त्यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही. फक्त नवीन दोन महिने आधी मागवा.

मुदतीची बारा पानं

वस्तूच्या पानावर मुदत लिहिलेली असली तरी सव्वाशे पानं चाळून कोण बघणार? म्हणून वहीच्या मागच्या बाजूने प्रत्येक महिन्याला एक पान द्या: जानेवारी 2027, फेब्रुवारी 2027 असं. माल आला की पुढे आवक लिहितानाच मागे मुदतीच्या महिन्याच्या पानावर एक ओळ टाका: नाव, बॅच, नग. वर्षभराच्या पलीकडची मुदत असेल तर 'पुढचे' नावाच्या पानावर लिहा आणि जानेवारीत वाटून घ्या.

दर महिन्याच्या एक तारखेला तीन पानं उघडायची. चालू महिन्याचं, तीन महिन्यांनंतरचं आणि सहा महिन्यांनंतरचं. चालू पानावरचा माल महिनाअखेर कपाटातून बाहेर काढायचा. 'EXP 11/2026' असं फक्त महिना-वर्ष छापलेलं असेल तर ते औषध 30 नोव्हेंबरपर्यंत चालतं, एक तारखेलाच काढायची गरज नाही. मात्र पेशंटला देताना शेवटच्या गोळीचा दिवस मोजायचा. 20 नोव्हेंबरला तीस दिवसांची बीपीची गोळी द्यायची तर ती स्ट्रिप चालणार नाही, कारण तिच्या शेवटच्या गोळ्या डिसेंबरमध्ये घेतल्या जातील.

तीन आणि सहा महिन्यांच्या पानांवर प्रत्येक ओळीपुढे एक साधी वजाबाकी करा. एक ऑगस्टला एखाद्या इंजेक्शनचे 20 नग आहेत, महिन्याला 4 लागतात, मुदत नोव्हेंबर. ऑगस्ट ते नोव्हेंबर चार महिने, म्हणजे 16 संपतील आणि 4 उरतील. हे चार आज दिसतात, म्हणून आज काही करता येतं: स्टॉकिस्टला परत देणं, किंवा नवीन बॅच आणणं थांबवून हीच आधी वापरणं. नोव्हेंबरमध्ये दिसले तर हातात काही नसतं.

परतीचे नियम स्टॉकिस्टगणिक वेगळे. कोणी मुदतीआधी ठरावीक महिने माल घेतो, कोणी मुदत संपल्यावर, कोणी कापलेली स्ट्रिप घेतच नाही, कोणी पूर्ण किमतीची क्रेडिट नोट देत नाही. हे विचारून पुरवठादाराच्या नावापुढे वहीत लिहून ठेवा. ऑर्डर देतानाही सिस्टरनी स्पष्ट सांगावं, "दादा, सहा महिन्यांच्या आतला माल चढवू नका, परत पाठवीन." एवढं एक वाक्य सांगितलं तरी शॉर्ट एक्सपायरीचा बराचसा माल दारातच अडतो.

स्कीमचाही हिशेब याच वजाबाकीने करा. दहावर दोन फ्री ऐकायला छान वाटतं. महिन्याला दोन लागणाऱ्या वस्तूचे बारा नग सहा महिने पुरतात. मुदत पाच महिन्यांची असेल तर फ्रीचे दोन तुमच्याच कचऱ्यात जाणार.

उघडल्यावर सुरू होणारी दुसरी मुदत

छापील मुदत न उघडलेल्या मालाची असते. लिग्नोकेनची तीस मिलीची व्हायल टोचली, इन्सुलिनची व्हायल उघडली की नवा काळ सुरू होतो. अनेक दिवस वापरायच्या व्हायलसाठी सर्वसाधारणपणे 28 दिवस धरतात. वेष्टनावर वेगळं दिलं असेल तर ते पाळायचं. पाणी घालून बनवलेलं अमॉक्सिसिलिनचं सिरप सात दिवसांचंच. ग्लुकोमीटरच्या स्ट्रिपांच्या डबीवर उघडल्यानंतरचा काळ छापलेला असतो, आणि तो संपला की आकडे चुकू शकतात. म्हणून उघडताना मार्करने बाटलीवरच लिहायचं: 'उघडली 3/7, टाका 31/7'. फक्त उघडल्याची तारीख लिहिली तर प्रत्येकाला मनात बेरीज करावी लागते आणि कोणी करत नाही. तारीख नसलेली उघडी व्हायल ट्रेमध्ये दिसली तर ती किती दिवसांची असेल याचा अंदाज बांधत बसू नका, टाकून द्या.

कपाटात मांडणी करताना आधी मुदत संपणारा माल पुढे ठेवायचा, मग तो नंतर आलेला असला तरी. 'आधी आला तो आधी वापरा' हा नियम औषधांना पुरत नाही, कारण नवीन आलेल्या मालाची मुदत जुन्यापेक्षा जवळची असू शकते. स्ट्रिप कापतानाही एक सवय लावा. बऱ्याच स्ट्रिपांवर बॅच आणि मुदत एका टोकाला छापलेली असते. कात्री दुसऱ्या टोकापासून चालवा, म्हणजे उरलेल्या तुकड्यावर तारीख शिल्लक राहते. सॅम्पलचा माल आणि डॉक्टरांची व्हिजिट बॅग रजिस्टरमधून हमखास सुटतात. दोन्हींना एकेक पान द्या. बॅग उन्हात गाडीत राहिली असेल तर छापील तारखेवर विश्वास टाकू नका.

कॉम्प्युटरवर ठेवायचं असेल तर

वही चालू झाल्यावर, तिचे आकडे बसल्यावर मगच शीटवर जा. A मध्ये नाव, B मध्ये बॅच, C मध्ये मुदत, D मध्ये शिल्लक, E मध्ये मागवलेले, F किमान, G कमाल. एका औषधाच्या दोन बॅच असतील तर दोन ओळी होतील. मग किमान-कमाल फक्त पहिल्या ओळीत ठेवा आणि ऑर्डरसाठी दोन्हींची शिल्लक मिळवून घ्या. एकच बॅच असलेल्या वस्तूला ही सूत्रं:

```
=EOMONTH(C2,0)-TODAY()
=IF(D2+E2<=F2, G2-D2-E2, 0)
```

पहिलं मुदतीचे उरलेले दिवस देतं, महिनाअखेरपर्यंत धरून. दुसरं किती मागवायचं ते. मुदत भरताना 11/26 असं टाइप करू नका. सेटिंगप्रमाणे कॉम्प्युटर ती याच वर्षातली 26 नोव्हेंबर समजू शकतो. 1 नोव्हेंबर 2026 अशी पूर्ण तारीख टाका.

मोजणी आणि मुदतबाह्य माल

सगळं कपाट एका दिवशी मोजायला कोणाला वेळ नसतो. दर शनिवारी पंधरा-वीस पानं घ्या, म्हणजे दीड-दोन महिन्यांत फेरी पूर्ण होते. नोंद करणारी व्यक्ती आणि मोजणारी व्यक्ती वेगळी असावी. फरक आला तर जुनी शिल्लक खोडायची नाही. खाली नवीन ओळ लिहायची: 'मोजणीत 3 कमी', तारीख, सही. त्याच वस्तूत दोनदा फरक आला तर आधी एकक तपासा, मग व्हिजिट बॅग, मग फुटलेले अँप्युल. बहुतेक वेळा उत्तर यातच सापडतं.

मुदत संपलेला माल कपाटातून लगेच हलवा आणि 'वापरू नये' लिहिलेल्या बंद डब्यात ठेवा. परत जाण्यासारखा नसेल तर जैववैद्यकीय कचऱ्याच्या 2016 च्या नियमांप्रमाणे तो पिवळ्या पिशवीत जातो आणि सामायिक प्रक्रिया केंद्राच्या गाडीला द्यायचा असतो. गटारात ओतायचा नाही, साध्या कचऱ्यात टाकायचा नाही. वस्तूच्या पानावर जावकमध्ये नग लिहा आणि तपशिलात 'मुदतबाह्य, पिवळी पिशवी' किंवा 'परत, क्रेडिट नोट क्रमांक अमुक' असं नोंदवा. खपाची सरासरी काढताना या ओळी वगळा. त्या खपात मिसळल्या तर किमान पातळी फुगते आणि जो माल वाया गेला तोच पुढच्या वेळी जास्त मागवला जातो.